नालंदेत विद्यार्थी घडायचा कसा

नालंदेची परीक्षा दारातच व्हायची. दूरदूरहून चर्चेसाठी आलेल्या माणसाला दारावरचा पंडित अवघड प्रश्न विचारायचा आणि उत्तरं देता आली नाहीत तर तो आल्या पावली परत फिरायचा. दहांतले सात-आठ जण असेच परत जायचे, असं युआन श्वांगने लिहून ठेवलं आहे. हा चिनी भिक्षू इ. स. ६३७च्या सुमारास मगधात, म्हणजे आजच्या बिहारमध्ये, राजगीरजवळच्या या महाविहारात पोहोचला. पुढे सुमारे चाळीस वर्षांनी इत्सिंग नावाचा दुसरा चिनी भिक्षू आला आणि जवळजवळ दहा वर्षं तिथे राहिला. नालंदेतलं रोजचं शिक्षण कसं चालायचं हे आपल्याला मुख्यतः या दोघांमुळे कळतं. राजांचे ताम्रपट, मातीच्या मुद्रा आणि उत्खननात निघालेल्या विटांच्या खोल्या त्याला जोड देतात.

आपण नालंदेला सरसकट विद्यापीठ म्हणतो. त्यात फार चूक नाही, पण त्या शब्दाबरोबर डोळ्यांसमोर जे येतं त्यातलं बरंच काही तिथे नव्हतं. पदवी नव्हती, वर्षाअखेरची लेखी परीक्षा नव्हती, सगळ्यांसाठी एकच ठरलेला अभ्यासक्रमही नव्हता. तिथे सापडलेल्या मुद्रांवर 'श्रीनालंदा महाविहार' आणि तिथला 'आर्य भिक्षुसंघ' अशी नावं आहेत. म्हणजे ती भिक्षूंची राहायची जागा होती आणि शिक्षण त्या राहण्याचाच भाग होतं. पाचव्या शतकात, गुप्त राजा पहिल्या कुमारगुप्ताच्या काळात, तिची सुरुवात झाली असं मानतात. भिक्षूंचा विहार असल्यामुळे हे शिक्षण पुरुषांपुरतंच होतं. मात्र भिक्षू न झालेले विद्यार्थीही विहारांमध्ये राहून शिकत. त्यांचा खर्च त्यांनीच करायचा, संघाच्या अन्नावर त्यांचा हक्क नाही, असा नियम इत्सिंग सांगतो. त्यांनी विहाराचं काही काम केलं तर गोष्ट वेगळी.

दारापर्यंत पोहोचण्याआधी

दारावरच्या प्रश्नांना उत्तर देणारा तरुण कुठून तयार होऊन यायचा? याचं उत्तर इत्सिंगने वयासकट दिलं आहे. मूल सहा वर्षांचं झालं की अक्षरमाला हाती घ्यायचं. सुरुवातीला 'सिद्धिरस्तु' म्हणायचं, मग स्वर, व्यंजनं आणि त्यांच्या जोडणीतून होणारी हजारो अक्षरं शिकायची. याला सहा महिने लागत. आठव्या वर्षी पाणिनीची व्याकरणसूत्रं सुरू होत आणि ती आठ महिन्यांत तोंडपाठ होत. मग धातुपाठ म्हणजे क्रियापदांच्या मूळ धातूंची यादी, मग दहाव्या वर्षापासून तीन वर्षं शब्दरूपांचा अभ्यास. पंधराव्या वर्षी सूत्रांवरची मोठी वृत्ती, म्हणजे विवरण, हाती घ्यायची, आणि तिला पाच वर्षं द्यायची.

म्हणजे विसाव्या वर्षापर्यंत मुख्यतः व्याकरण. आज हे ऐकून आश्चर्य वाटतं, पण त्यामागचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. पाणिनीची सूत्रं सुमारे चार हजार आहेत आणि प्रत्येक सूत्र जितकं आखूड करता येईल तितकं केलेलं आहे. एक उदाहरण घेऊ. 'इको यणचि' हे एक सूत्र. 'इक्' म्हणजे इ, उ, ऋ, ऌ हे स्वर. 'यण्' म्हणजे य, व, र, ल. 'अच्' म्हणजे सगळे स्वर. सूत्राचा अर्थ असा की इक्पुढे दुसरा स्वर आला तर इक्च्या जागी यण् येतो. म्हणून इति आणि आदि मिळून 'इत्यादि', सु आणि आगत मिळून 'स्वागत'. शाळेत आपण यण् संधीचा जो नियम शिकतो तो हाच. (दोन्हीकडे सारखाच स्वर असेल तर दुसरं सूत्र लागू होतं, आणि कोणतं कुठे लागू होतं हे ठरवणारीही सूत्रं आहेत.) चार-पाच अक्षरांत शेकडो शब्दांचं वागणं बसवलं आहे.

सूत्र इतकं आखूड असल्यामुळे ते डोक्यात राहतं, पण नुसतं पाठ करून त्याचा अर्थ लागत नाही. तो वृत्तीतून कळतो, आणि वृत्ती गुरू समजावतो. आधी आठ महिन्यांत सूत्रं पाठ करायची आणि पुढे कित्येक वर्षं ती उलगडत बसायचं, असा क्रम त्यामुळेच होता. पाठांतर झालेलं असल्यामुळे गुरूला पान उलटून दाखवावं लागत नसे. सहाव्या अध्यायातलं सूत्र समजावताना पहिल्या अध्यायातली व्याख्या विद्यार्थ्याला आपोआप आठवायची. याची दुसरी बाजूही खरी आहे. ज्याला चांगला गुरू मिळाला नाही, त्याच्याकडे अर्थ नसलेल्या सूत्रांचं ओझं उरायचं. दारावरचा पंडित हाच फरक तपासत असणार, असं मला वाटतं. पाठ काय आहे हे कळायला वेळ लागत नाही. पाठ असलेलं वापरता येतं का, हे प्रश्न विचारल्यावरच कळतं.

या पायावर पुढे हेतुविद्या म्हणजे तर्क, आणि अभिधर्म म्हणजे बौद्ध तत्त्वज्ञान. इत्सिंग म्हणतो की इतकं झाल्यावर लोक दोन-तीन वर्षं नालंदेत किंवा पश्चिमेकडे वलभीला, म्हणजे आजच्या गुजरातमधल्या वल्लभीपूरला, घालवत. तिथे ते शिकत आणि शिकवतही. हे महत्त्वाचं आहे. नालंदा ही शिक्षणाची सुरुवात नव्हती. बरीच तयारी घरच्या आणि गावच्या गुरूंकडे झालेली असायची आणि तिची कसोटी इथे लागायची.

आतला दिवस

आत गेल्यावर दिवस पाण्यावर चालायचा. मोठ्या भांड्यात पाणी आणि त्यावर तरंगणारी, तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. भोकातून पाणी शिरून वाटी भरली की बुडायची आणि नगाऱ्यावर ठोका पडायचा. पहिल्यांदा बुडाली की एक ठोका, दुसऱ्यांदा दोन, असं चारपर्यंत. चौथ्यानंतर दोनदा शंख वाजायचा, आणखी एक ठोका पडायचा आणि प्रहर संपायचा. दिवसाचे प्रहर चार, म्हणजे नालंदेची वाटी साधारण पाऊण तासाने बुडत असणार. आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त साधायला घटिकापात्र ठेवत, ते हेच यंत्र, फक्त त्याची वाटी चोवीस मिनिटांची. विहारात वेळ इतकी काटेकोर मोजण्याचं एक कारण अगदी व्यवहारी होतं. भिक्षूंनी माध्यान्हीनंतर जेवायचं नाही, त्यामुळे माध्यान्ह नेमकी कधी झाली हे सगळ्यांना कळायलाच हवं.

सकाळी घंटा झाली की शेकडो भिक्षू आसपासच्या दहाहून अधिक तळ्यांवर आंघोळीला जात. दिवसभर विहारात ठिकठिकाणी प्रवचनं चालत. युआन श्वांगच्या चरित्रात रोज शंभर व्यासपीठांवर शिकवलं जायचं असं म्हटलं आहे. संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र जमून पठण करावं असा इतर विहारांतला रिवाज होता, पण नालंदेत एका जागी मावणार नाहीत इतकी माणसं होती. म्हणून पठण करणारा एक जण दालना-दालनांतून फिरायचा आणि त्याच्यापुढे मुलं धूप आणि फुलं घेऊन चालायची.

खरं शिक्षण मात्र व्यासपीठापेक्षा गुरूच्या खोलीत जास्त व्हायचं. रात्रीच्या पहिल्या आणि शेवटच्या प्रहरी शिष्य गुरूकडे जायचा. गुरू त्याला नीट बसवून घ्यायचा, ग्रंथातला एक उतारा निवडायचा आणि त्या शिष्याला झेपेल असा पाठ द्यायचा. एकही मुद्दा न उलगडता सोडायचा नाही, असं इत्सिंग आवर्जून लिहितो. शिष्य गुरूचे अंग चेपून द्यायचा, कपड्यांच्या घड्या घालायचा, खोली आणि अंगण झाडायचा. पिण्याच्या पाण्यात जीवजंतू नाहीत ना, हे पाहून मगच ते गुरूला द्यायचा. पण जबाबदारी एका बाजूची नव्हती. शिष्य आजारी पडला तर गुरूने स्वतः त्याची शुश्रूषा करायची, औषध आणायचं, पोटच्या पोरासारखं बघायचं. विनयाचे, म्हणजे भिक्षूंच्या आचाराचे, नियम पक्के होऊन पाच वर्षं झाली की शिष्य गुरूपासून वेगळा राहू शकायचा.

एकच ग्रंथ पुन्हा पुन्हा ऐकणं ही या पद्धतीतली दुसरी मोठी गोष्ट. युआन श्वांग आला तेव्हा पस्तिशीचा होता आणि चीनमध्ये विद्वान म्हणून त्याचं नाव झालेलं होतं. त्याने नालंदेचे प्रमुख शीलभद्र यांच्याकडे योगाचारभूमी हा प्रचंड ग्रंथ शिकायला घेतला. पहिल्या वेळी पंधरा महिने लागले. नंतर त्याने तोच ग्रंथ आणखी दोनदा ऐकला. हेतुविद्या आणि शब्दविद्या म्हणजे व्याकरण, यांवरचे ग्रंथ दोनदा ऐकले. पहिल्यांदा ऐकताना ग्रंथ काय म्हणतो ते कळतं आणि दुसऱ्यांदा ऐकताना तो असं का म्हणतो ते कळतं. पुढे चीनमध्ये हा ग्रंथ शंभर भागांत उतरवताना त्याला या तीनही खेपा उपयोगी पडल्या असणार.

तर्काची तालीम

आता नालंदेच्या शिक्षणाच्या गाभ्याकडे येऊ. हेतुविद्या म्हणजे काय, हे एका उदाहरणावरून नीट कळतं. ज्या माणसाने या विद्येला हे रूप दिलं तो दिग्नाग, आणि त्याचा आपल्याशी एक धागा आहे. युआन श्वांग महाराष्ट्रात, दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात आला होता. तिथल्या डोंगरात कोरलेल्या एका विहाराचं त्याने वर्णन केलं आहे. दारापाशी दोन्ही बाजूंना दगडी हत्ती, भिंतींवर बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथा. हा विहार म्हणजे अजिंठा असं अभ्यासक मानतात, आणि दिग्नाग तिथे पुष्कळदा राहायचा असं युआन श्वांग सांगतो.

वाद असा होता की शब्द, म्हणजे उच्चारलेला ध्वनी, नित्य आहे की अनित्य. हा पोरखेळ नव्हता. वेदांचा अर्थ लावणारे मीमांसक म्हणत की शब्द नित्य आहे, म्हणून वेद कुणी रचलेले नाहीत आणि त्यांच्या अधिकाराला आव्हान देता येत नाही. बौद्धांना हे मान्य नव्हतं. मग बौद्ध विद्यार्थ्याने मांडणी अशी करायची: शब्द अनित्य आहे, कारण तो उत्पन्न केलेला आहे, जे उत्पन्न केलेलं असतं ते अनित्य असतं, जसा घडा, आणि जे नित्य असतं ते उत्पन्न केलेलं नसतं, जसं आकाश. पहिलं वाक्य प्रतिज्ञा, दुसरं हेतू, पुढची दोन दृष्टांत.

हेतू खरा आहे की नाही हे ठरवायला दिग्नागाने तीन कसोट्या दिल्या. ज्याच्याविषयी बोलतोय त्यात हेतू असला पाहिजे. तशाच दुसऱ्या वस्तूंत तो आढळला पाहिजे. आणि उलट स्वभावाच्या वस्तूंत तो कुठेही आढळता कामा नये.

या कसोट्या लावून चुकीची कारणं पकडायला विद्यार्थी शिकायचा. समजा कुणी म्हणालं, 'शब्द अनित्य आहे, कारण तो डोळ्यांना दिसतो.' पहिल्याच कसोटीवर हे पडतं, कारण शब्द दिसत नाही. हा असिद्ध हेतू. दुसरा म्हणतो, 'शब्द अनित्य आहे, कारण तो जाणता येतो.' हे ऐकायला ठीक वाटतं. शब्द जाणता येतो, घडाही जाणता येतो. पण आकाशही जाणता येतं आणि ते तर नित्य मानलेलं आहे. कारण दोन्हीकडे लागू पडतं, म्हणून त्यातून काहीच सिद्ध होत नाही. हा अनैकांतिक हेतू. तिसरा म्हणतो, 'शब्द नित्य आहे, कारण तो ऐकू येतो.' ऐकू येणारी गोष्ट शब्दाखेरीज जगात दुसरी नाहीच, त्यामुळे जोडीला दाखवायला उदाहरणच मिळत नाही. आणि कुणी म्हणालं, 'शब्द नित्य आहे, कारण तो उत्पन्न केलेला आहे,' तर त्याचं कारण त्याच्याच म्हणण्याच्या उलट सिद्ध करतं. हा विरुद्ध हेतू. आपण रोज ज्या वादांत सापडतो त्यांतले बरेचसे या दुसऱ्या प्रकारात अडकलेले असतात. दिलेलं कारण खरं असतं, पण समोरच्याच्या बाजूलाही तितकंच लागू होतं आणि हे दोघांच्याही लक्षात येत नाही.

इथवर कुणालाही जमेल. खरी गंमत पुढे आहे. 'कारण तो उत्पन्न केलेला आहे' हा बौद्धांचा लाडका हेतू मीमांसकापुढे चालत नाही. मीमांसक म्हणतो की बोलणारा शब्द उत्पन्न करत नाही. शब्द आधीपासून असतोच, बोलण्याने तो फक्त प्रकट होतो. अंधारातला घडा दिवा लावला की दिसतो, पण दिवा घडा घडवत नाही, तसं. मग हेतूच त्याला मान्य नाही आणि ज्याला तो मान्य नाही त्याच्यापुढे तो असिद्ध ठरतो. हा दोष शंकरस्वामीच्या न्यायप्रवेश या विद्यार्थ्यांसाठीच्या छोट्या ग्रंथात नाव देऊन सांगितला आहे. आपलं म्हणणं खरं असून भागत नाही. ते ज्या पायावर उभं आहे तो पाया दोघांनाही मान्य असला पाहिजे. नसेल तर आधी तो पाया सिद्ध करायचा. म्हणून विद्यार्थ्याला आपल्या मताइतकंच विरोधकाचं मत ठाऊक असावं लागे, आणि तेही विरोधक मांडेल तसं.

याचा एक प्रसंग युआन श्वांगच्या चरित्रात आहे. हे चरित्र त्याच्या शिष्यांनी लिहिलं, त्यामुळे त्यात त्याची बाजू उजळ असणारच, हे धरून वाचावं. लोकायत म्हणजे चार्वाक मताचा एक ब्राह्मण नालंदेला आला आणि त्याने चाळीस विधानं लिहून दारावर लटकवली. यातलं एकही कुणी खोडलं तर मी माझं डोकं देईन, असं त्याने जाहीर केलं. काही दिवस कुणी पुढे आलं नाही. मग युआन श्वांगने ती विधानं खाली काढायला लावली आणि शीलभद्रांसमोर वाद होऊन ब्राह्मण हरला. त्याने डोकं पुढे केलं, तेव्हा युआन श्वांगने ते नाकारून त्याला सेवक म्हणून ठेवलं. पुढे युआन श्वांगला महायानावर टीका करणाऱ्या एका ग्रंथाला उत्तर द्यायचं होतं आणि त्यातल्या काही जागा त्याला अडत होत्या. तो ग्रंथ या ब्राह्मणाला येत होता. युआन श्वांगने हरलेल्या प्रतिस्पर्ध्याकडून तो समजून घेतला आणि मग त्याला मुक्त केलं. मला या प्रसंगात विजयापेक्षा हा शेवटचा भाग जास्त मोलाचा वाटतो.

हे चालायचं कशावर

हजारो माणसं वर्षानुवर्षं फक्त शिकत राहायची तर त्यांच्या भाताची सोय कुणीतरी करायला हवी. राजांनी विहाराला गावं लावून दिली होती. चरित्र शंभर गावं सांगतं, इत्सिंगच्या वेळी ती दोनशेच्या वर होती. त्या गावांतून रोज तांदूळ, तूप आणि दूध यायचं. युआन श्वांगला मानाचा पाहुणा म्हणून रोज १२० जंबीर, २० सुपाऱ्या, २० जायफळं, कापूर आणि महाशाली नावाच्या मोठ्या दाण्याचा सुवासिक तांदूळ मिळायचा. भिक्षूला भिक्षेसाठी दारोदार फिरावं लागत नव्हतं, म्हणून अभ्यासाला वेळ होता. पण ज्या गावांच्या उत्पन्नावर हे चालायचं, तिथले शेतकरी काय म्हणत होते हे कुणी लिहून ठेवलं नाही.

किती माणसं होती यावर नेहमी वाद होतो. दहा हजार हा आकडा चरित्रातला आहे. प्रत्यक्ष दहा वर्षं राहिलेला इत्सिंग तीन हजारांहून अधिक म्हणतो आणि आठ दालनं, तीनशे खोल्या असा हिशेब देतो. आजवर खणून निघालेले विहार अकरा आहेत आणि खोल्या लहान आहेत. दोन आकड्यांतून एक निवडायचा तर मी इत्सिंगचा निवडेन.

नवव्या शतकातला एक ताम्रपट नालंदेत सापडला आहे. सुवर्णद्वीपाच्या, म्हणजे सुमात्रा भागाच्या बालपुत्रदेव राजाने नालंदेत विहार बांधला आणि त्याच्या विनंतीवरून पाल राजा देवपालाने त्याला पाच गावं दिली, असं त्यात आहे. दान कशासाठी ते नोंदवलं आहे: भिक्षूंचं अन्न, वस्त्र, अंथरूण, आजाऱ्यांची औषधं, विहाराची डागडुजी आणि धर्मग्रंथांचं लेखन. ग्रंथ लिहिणं ही औषधांसारखीच नेहमीची गरज होती. ताडपत्राला कीड लागते, दमट हवेत ते कुजतं, म्हणून पोथी टिकवायची म्हणजे ती पुन्हा पुन्हा उतरवून घ्यायची. आपल्या मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांतही त्याच शतकातल्या शिलालेखात देणगीतला काही भाग पुस्तकांसाठी राखलेला दिसतो.

ज्ञान बाहेर गेलं ते माणसांबरोबर

युआन श्वांग ६४५ मध्ये चीनच्या राजधानीत, चांगआनला, परतला तेव्हा त्याच्याबरोबर ६५७ ग्रंथ होते आणि ते वाहायला वीस घोडे लागले. पण वाटेत सिंधू नदी ओलांडताना नाव हेलकावली आणि पोथ्यांचा एक गठ्ठा पाण्यात गेला. ही गोष्ट तो विसरला नाही. काही वर्षांनी मगधातून त्याला पत्र आलं. जुन्या ओळखीच्या पंडितांनी कापडाचे दोन तागे भेट पाठवले होते. ६५४ मध्ये त्याने नालंदेच्या ज्ञानप्रभाला उत्तर लिहिलं. त्यात शीलभद्रांच्या निधनाचं दुःख आहे, आपण कोणते ग्रंथ भाषांतरित केले त्याची हकीकत आहे, आणि नदीत गेलेल्या ग्रंथांची यादी आहे. कुणी येणारं असेल तर एवढे पाठवून द्या, असं त्याने विनवलं आहे. दोन देशांतले विद्वान हजारो मैलांवरून पोथ्यांची मागणी करत होते आणि त्यांचा टपालवाला म्हणजे वाटेने जाणारा एखादा भिक्षू.

चांगआनमध्ये तो एकटा भाषांतर करत नव्हता. तो संस्कृत वाचून अर्थ सांगायचा, एक जण ते उतरून घ्यायचा, दुसरा मूळ ग्रंथाशी ताडून पाहायचा, तिसरा चिनी वाक्य सरळ करायचा. एकोणीस वर्षांत या मंडळींनी ७५ ग्रंथ चिनीत आणले. न्यायप्रवेश आणि दिग्नागाचा न्यायमुख हे त्यातलेच. तिथून हेतुविद्या जपानला गेली. न्यायमुखाचं संस्कृत मूळ आज उपलब्ध नाही. तो आपल्याला चिनी भाषांतरातून वाचावा लागतो. न्यायप्रवेश संस्कृतात टिकला तो जैनांमुळे. हरिभद्र नावाच्या जैन आचार्याने त्यावर टीका लिहिली आणि जैन भांडारांनी ती सांभाळली.

तिबेटला मात्र पुस्तकांच्या आधी गुरूच गेला. आठव्या शतकात तिथल्या राजाने नालंदेचे आचार्य शांतरक्षित यांना बोलावलं. त्यांच्या हातून साम्ये इथे तिबेटचा पहिला विहार उभा राहिला आणि तिथल्या लोकांना भिक्षू होण्याची दीक्षा मिळाली. मग त्यांचे शिष्य कमलशील आले. नवव्या शतकाच्या सुरुवातीला संस्कृत आणि तिबेटी शब्दांचा हजारो नोंदींचा कोश तयार झाला, म्हणजे एकाच शब्दाला प्रत्येक भाषांतरकार वेगळा प्रतिशब्द वापरणार नाही. शांतरक्षितांचा तत्त्वसंग्रह वाचला की हेतुविद्येची शिस्त काय करते ते दिसतं. एकेका विरोधी मताची मांडणी आधी नीट करायची आणि मग तिला उत्तर द्यायचं. मीमांसक कुमारिल भट्टांचा बृहट्टीका हा ग्रंथ हरवला आहे, पण त्यातले कितीतरी श्लोक आपल्याला त्यांचं मत खोडणाऱ्या या बौद्ध ग्रंथात सापडतात.

नालंदेचा शेवट एका रात्रीत झाला असं आपण ऐकलेलं असतं. १२००च्या सुमारास बख्तियार खिलजीच्या फौजेने बिहारचे विहार उद्ध्वस्त केले, यात शंका नाही. मात्र त्या काळचा फारसी इतिहासकार नालंदेचं नाव घेत नाही, आणि त्याने वर्णन केलेली जागा म्हणजे बिहारमधलाच दुसरा विहार, ओदंतपुरी, असावी असं बहुतेक अभ्यासकांचं मत आहे. १२३५च्या सुमारास धर्मस्वामी नावाचा तिबेटी भिक्षू नालंदेला आला, तेव्हा बरेच विहार ओस होते. तरी नव्वदीचे राहुलश्रीभद्र सुमारे सत्तर विद्यार्थ्यांना व्याकरण शिकवत होते. सैनिक येत आहेत अशी खबर आली तेव्हा त्यांनी सगळ्यांना पळून जायला सांगितलं. धर्मस्वामी गेला नाही. म्हाताऱ्या गुरूला पाठीवर घेऊन तो जवळच्या एका देवळात लपला आणि धोका टळल्यावर दोघांनी राहिलेला अभ्यास पुरा केला.

विसाव्या शतकात उलट प्रवास सुरू झाला. दिग्नागाच्या परंपरेतला सर्वांत मोठा तर्कपंडित धर्मकीर्ती, आणि त्याचा मुख्य ग्रंथ प्रमाणवार्तिक. त्याची मूळ संस्कृत कारिका भारतात कुणाच्या हाती नव्हती. राहुल सांकृत्यायन १९२९ ते १९३८ दरम्यान चार वेळा तिबेटला गेले, तिथल्या विहारांत ताडपत्रं शोधली, काही हातांनी उतरवून घेतली, काहींचे फोटो काढले. प्रमाणवार्तिक आणि त्यावरच्या टीका त्यांच्यामुळे पुन्हा संस्कृतात छापता आल्या. आज द्रेपुंग आणि गांदेन हे तिबेटचे मोठे विहार कर्नाटकात मुंडगोडला, सेरा बैलकुप्प्याला नव्याने उभे आहेत. गोवा किंवा कोल्हापूरहून मुंडगोड लांब नाही. तिथल्या अंगणात तरुण भिक्षू उभं राहून टाळी वाजवत एकमेकांना प्रश्न विचारतात, आणि नवशिक्यांना हेतूच्या तीन कसोट्या ज्या उदाहरणावर शिकवतात ते असं: शब्द अनित्य आहे, कारण तो उत्पन्न केलेला आहे.